सातवी संपली, मुलं पांगली: शाळकरी मुलांच्या दीर्घ अभ्यासातली गळती कशी आवरायची

पाचवीतल्या मुलांचा एक गट निवडायचा आणि तीच मुलं दहावीला पोचेपर्यंत दरवर्षी त्यांचं वाचन, गणित आणि हजेरी बघत राहायचं, असा अभ्यास मुंबईत सुरू करणाऱ्यांना पहिलं वर्ष सोपं जातं. मुलं वर्गात बसलेली असतात, वर्गशिक्षिका ओळख करून देतात आणि एकेक शाळा दोन दिवसांत होऊन जाते. अवघड काळ पुढे येतो. महापालिकेच्या अनेक शाळा सातवीपाशी थांबतात आणि पालिकेच्या माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या आहेत. त्यामुळे कुर्ल्यातल्या किंवा मानखुर्दमधल्या एका वर्गातली चाळीस मुलं निकालानंतर सात-आठ शाळांत विखुरतात. कुणी चेंबूरच्या अनुदानित हायस्कूलमध्ये जातं, कुणी इंग्रजी माध्यम धरतं, कुणाचं घर नालासोपाऱ्याला हलतं, कुणाला आजीकडे गावी ठेवतात. जूनमध्ये तुम्ही यादी घेऊन जुन्या शाळेत गेलात तर त्या यादीतलं एकही मूल तिथे भेटत नाही.

हा लेख मुख्यतः सातवी ते आठवीच्या त्या उन्हाळ्याबद्दल आहे. माझ्या मते पाच वर्षांच्या अभ्यासाचं भवितव्य तिथेच ठरतं आणि त्याची तयारी पाचवीतल्या पहिल्या भेटीपासून करावी लागते.

सुरुवातीला एक फरक लक्षात ठेवा. मुलाने शाळा सोडणं आणि मूल अभ्यासातून निसटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. शाळा सोडून वडिलांबरोबर भाजीच्या गाडीवर उभा राहणारा मुलगा तुम्हाला सापडला आणि त्याने चाचणी दिली, तर तो तुमच्या अभ्यासात आहे. उलट, नव्या शाळेत छान शिकणारी मुलगी तुम्हाला सापडली नाही, तर अभ्यासापुरती ती गळली. नवखे सर्वेक्षक ‘शाळा सोडली’ असा शेरा मारून नाव खोडून टाकतात, आणि ज्या मुलांसाठी अभ्यास मांडला नेमकी तीच त्यातून निघून जातात.

किती मुलं गेली तर चालेल, हा प्रश्न हमखास विचारला जातो. दरवर्षी आठ टक्के गळती ऐकायला किरकोळ वाटते. पण ती दरवर्षी उरलेल्या मुलांवर लागू होते, म्हणून पाच वर्षांनी शंभरातली साधारण ६६ मुलंच राहतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बाळांचा अभ्यास सुरू झाला. ती माणसं ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्यांपैकी ९४ टक्क्यांनी भाग घेतला. परदेशी गेलेल्यांना प्रवासखर्च देऊन परत आणण्याची तयारी त्या अभ्यासाने ठेवली होती. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथेही मुलं मोठी होईपर्यंत संपर्क टिकून राहिला. मुंबईत गावासारखी ‘अमक्याची मुलगी कुठे दिली’ हे सांगणारी वेस नाही. इथे ती माहिती आपणच आधी गोळा करून ठेवायची असते.

पहिली भेट: संपर्कपत्रक

पाचवीची पहिली फेरी जूनमध्ये घेऊ नका. जून-जुलैत प्रवेशांची ये-जा चालू असते आणि हजेरीपटावर अशी नावं असतात की ती मुलं प्रत्यक्षात गावाहून परतलेलीच नसतात. ऑगस्टमध्ये पट स्थिरावतो. गणपतीचा आठवडा सोडा, कोकणातली कुटुंबं गावी गेलेली असतात. दिवाळीच्या सुट्टीआधी फेरी पूर्ण होईल असं बघा.

चाचणीइतकाच वेळ संपर्कपत्रकाला द्या. शाळेकडून मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये जसं आहे तसंच, शुद्धलेखन न सुधारता उतरवा. सोबत जनरल रजिस्टरचा क्रमांक, जन्मतारीख आणि राज्याच्या शिक्षण विभागाच्या सरल पोर्टलवरचा विद्यार्थी क्रमांक घ्या. शाळा बदलली तरी तो क्रमांक मुलाबरोबर जातो, आडनावाचं स्पेलिंग मात्र प्रत्येक शाळेत बदलू शकतं. मुलाचं घरचं नावही विचारा. वस्तीत ‘प्रथमेश कुठे राहतो’ म्हटलं तर कुणालाच कळत नाही, आणि ‘बंटी’ म्हटलं की तीन माणसं जिना दाखवतात.

बाकीची माहिती घरी जाऊन, शक्यतो आईशी बोलून घ्या. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो घराबाहेरच्या तीन माणसांचा: मामा, आत्या, गावाकडचे आजोबा. प्रत्येकाचं नाव, नातं, नंबर, आणि गाव असेल तर तालुक्यासह. तिघंही त्याच चाळीत राहणारे नकोत, कारण चाळ पाडली की ते तिघंही एकदमच जातात. प्रश्न असा विचारा: ‘ताई, उद्या तुमचा नंबर बदलला, तर तुमचा नवा नंबर कुणाकडे नक्की असेल?’ ‘जवळच्या नातेवाइकाचा नंबर द्या’ असं म्हटलं की लोक नवऱ्याचाच नंबर देतात.

मग घराबद्दल विचारा. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर ॲग्रीमेंट कुठल्या महिन्यात संपतं? मुंबईत भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, त्यामुळे तो महिना कळला की ते कुटुंब कधी हलण्याची शक्यता आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. इमारत किंवा झोपडपट्टी एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात, गेली आहे का, संक्रमण शिबिराची चर्चा आहे का, तेही टिपा. पत्त्यात खोली क्रमांकाबरोबर खूण लिहा: ‘सार्वजनिक शौचालयाच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारची गल्ली’. शेवटी मुलालाच त्याचे दोन जवळचे मित्र विचारा. आठवीत कोण कुठल्या शाळेत गेलं हे मोठ्यांना ठाऊक नसतं, मुलांना असतं.

या सगळ्यासाठी संमतिपत्रात वेगळा मुद्दा हवा: ‘तुमच्याशी संपर्क झाला नाही तर आम्ही या तीन व्यक्तींना फोन करू शकतो का?’ पालक एखाद्या नावाला नाही म्हणाले तर ते नाव तिथेच खोडा. तुटलेल्या नात्यांचे, भांडणांचे आणि पोटगीच्या खटल्यांचे प्रसंग असतात. आईचा नवा पत्ता चुकूनही भलत्या माणसाच्या हाती जाता कामा नये. म्हणून संपर्कपत्रक आणि चाचणीचे गुण एका फाइलमध्ये कधीही ठेवू नका. दोन्हींना जोडणारा मुलाचा अभ्यासातला क्रमांक फक्त एक-दोन जबाबदार माणसांच्याच हाती असावा.

बाराव्या वर्षीची सही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वयाच्या मुलाची तोंडी सहमती पुरते, त्यापुढे अठरापर्यंत लेखी सहमती लागते. पालकांची संमती दोन्ही वेळी हवीच. पाचवीत दहा-अकरा वर्षांचं असलेलं मूल सातवीत बारा वर्षांचं होतं, म्हणजे पांगापांगीच्या अगदी तोंडावर तुम्हाला नव्याने घरी जावंच लागतं. अनेक गट ही सही शाळेत मधल्या सुट्टीत उरकतात. तसं करू नका. त्याच भेटीत संपर्कपत्रक पुन्हा वाचून दाखवा, नंबर समोरच लावून बघा, बदललेली नावं नवी लिहा. शिवाय बारा वर्षांच्या मुलीशी तिच्या अभ्यासाबद्दल तिला विचारून बोललं, तर पुढच्या वर्षी घरातल्या मोठ्यांनी फोन उचलला नाही तरी ती स्वतः उत्तर देते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारीत सातवीतल्या प्रत्येक घरी एक फोन जायला हवा. त्यात चाचणी नाही आणि लांबलचक प्रश्नावली नाही, फक्त तीन प्रश्न: आठवीला कुठे घालणार, मे महिन्यात गावी जाणार का, आणि तोच नंबर चालू राहणार का. पालकांचं उत्तर बहुधा ‘अजून ठरलं नाही’ असं येतं. तेही लिहून ठेवा. ज्या घरांचं ठरलेलं नाही त्यांचा शोध जूनमध्ये सर्वांत आधी सुरू करायचा असतो.

निकालाचा दिवस वाया घालवू नका. त्या दिवशी पालक स्वतः शाळेत येतात आणि दाखल्याची चौकशी करतात. मुख्याध्यापकांच्या परवानगीने व्हरांड्यात एक टेबल टाका. एका पालकामागे चार मिनिटं पुरतात. जे आले नाहीत त्यांची यादी त्याच दिवशी वेगळी काढा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फार विसंबू नका. दाखल्यात सोडण्याचं कारण असतं, पण ते बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच असतं, आणि पुढची शाळा त्यावर नसते. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. म्हणजे मूल नव्या शाळेत शिकत असतं आणि जुन्या शाळेच्या कपाटात त्याचा दाखला न नेलेला पडून असतो. ‘दाखला नेला नाही, म्हणजे मूल घरीच आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

दाखल्यापेक्षा उपयोगी पडते ती सरल पोर्टलवरची बदलीची विनंती. नव्या शाळेला मुलाची ऑनलाइन नोंद हवी असते, म्हणून ती जुन्या शाळेकडे विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मान्य करते. त्यामुळे कुणाला कुठल्या शाळेने मागितलं हे जुलै-ऑगस्टपर्यंत जुन्या शाळेतल्या माणसांना कळलेलं असतं. ही माहिती मिळवण्याचा रीतसर रस्ता म्हणजे शिक्षण विभागाच्या परवानगीपत्रात ‘अभ्यासातल्या मुलांच्या पुढील शाळेचं नाव देणे’ ही ओळ पहिल्याच वर्षी घालून घेणं. शाळेचा लॉगिन मागू नका, कुणी आपणहून दिला तरी घेऊ नका. मुख्याध्यापक स्क्रीन बघून तुमच्या यादीत नाव भरतील, तेवढं पुरतं.

जून ते ऑगस्ट: शोध

शोधाला पायऱ्या असतात, आणि एक पायरी चुकली म्हणून मूल ‘सापडलं नाही’ ठरत नाही. आधी फोन. एकाच वेळी सहादा फोन करून काही साधत नाही. दुपारी एकदा, रात्री आठनंतर एकदा, रविवारी सकाळी एकदा, आणि आठवड्याभराने पुन्हा तसंच. घरकाम करणाऱ्या आया दुपारी फोन उचलतात, रिक्षा चालवणारे वडील रात्री.

बंद पडलेल्या नंबराबाबत सावध राहा. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. फेब्रुवारीत बंद पडलेला नंबर जूनमध्ये परक्या माणसाकडे वाजत असेल. म्हणून बोलणं असं सुरू करा:

‘नमस्कार, हा नंबर सुरेखाताईंचा आहे का?’

‘नाही.’

‘माफ करा, चुकून लागला.’

बोलणं इथेच थांबवायचं. मुलीचं नाव, शाळा, अभ्यास यातलं काहीही समोर ओळख पटल्याशिवाय उच्चारायचं नाही. मामा-आत्यांना फोन करतानाही ‘सुरेखाताईंशी शाळेच्या संदर्भात बोलायचं आहे, त्यांना माझा नंबर द्याल का?’ इतकंच म्हणायचं. नंबर तुम्ही मागण्यापेक्षा आपला नंबर पोचवायला सांगितला, तर माणसं जास्त मोकळेपणाने मदत करतात.

फोनने काम झालं नाही तर मित्रांकडे वळा. सापडलेल्या प्रत्येक मुलाला चाचणी संपल्यावर विचारा की तुझ्या वर्गातलं अजून कोण या शाळेत आलंय. एका हायस्कूलमध्ये जुन्या शाळेची पाच मुलं मिळाली, तर तिथून आणखी तीन-चारांचा पत्ता लागतो. त्यानंतर घर. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी सकाळी जा, जोडीने जा आणि वस्तीची भाषा बोलणारं माणूस सोबत न्या. कुलूप असेल तर शेजारी विचारा, पण दारावर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवू नका.

कधी कधी पूर्ण गल्लीच हललेली असते. प्रकल्पग्रस्त कुटुंबांना माहुल, वाशी नाका किंवा मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये घरं मिळाल्याचं मुंबईने पाहिलं आहे. अशा वेळी एकेक घर शोधण्याऐवजी त्या नव्या वसाहतीतल्या अंगणवाडी सेविकेकडे आणि जवळच्या दोन शाळांत जा. एकत्र हललेली माणसं एकत्र सापडतात.

दूर गेलेल्यांसाठी खर्च आधीच राखून ठेवा. नालासोपारा, दिवा, बदलापूर ही लोकलने एका दिवसात होणारी ठिकाणं आहेत. तिथली मुलं ‘हद्दीबाहेर’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण भाडं परवडत नाही म्हणून मुंबईतून बाहेर ढकलली गेलेली तीच कुटुंबं आहेत. साताऱ्याला किंवा आझमगढला गेलेल्या मुलापर्यंत पोचता आलं नाही, तर फोनवर छोटी प्रश्नावली घ्या: शिकतंय का, कितवीत, शाळा कुठली, काम करतंय का. वाचनचाचणी फोनवर घेऊन ती समोर बसून घेतलेल्या चाचणीत मिसळू नका, दोन्हींचे गुण तुलनेचे नसतात. पण मूल शाळेत आहे की नाही एवढं कळलं, तरी त्या मुलाबद्दलचं निम्मं अज्ञान संपतं.

नकार आला तर तो नीट ऐका. ‘आत्ता वेळ नाही’ हा नकार नव्हे, पंधरा दिवसांनी दुसऱ्या सर्वेक्षकाने एकदा विचारावं. ‘आम्हाला यात राहायचं नाही’ हा मात्र नकार आहे आणि तो तिथेच स्वीकारायचा. वर्गशिक्षिकेमार्फत दबाव आणून मिळवलेला होकार पुढच्या फेरीत घराचं दार बंद करतो. प्रवासाचं भाडं, बुडालेल्या तासांचा मोबदला आणि मुलाला एखादी वही-पेटी, इतकं योग्य आहे. पैशांची रक्कम इतकी मोठी नको की नाही म्हणणं अवघड होईल. त्याच ताई दरवर्षी घरी आल्या तर कुठल्याही भेटवस्तूपेक्षा त्याचा जास्त फरक पडतो. म्हणून सर्वेक्षकांना फेरीपुरतं न ठेवता वर्षभर कामावर ठेवा, आणि तो पगार गळती रोखण्याच्याच खर्चात धरा.

प्रत्येक मुलापुढे शेवटी एक निकाल लिहा, पण ‘न मिळालेले’ असा एकच रकाना नको. ठावठिकाणा लागला नाही, ठावठिकाणा लागला पण भेट झाली नाही, भेट झाली पण नकार, फोनवर थोडी माहिती मिळाली, मृत्यू, असे निदान पाच वेगळे रकाने ठेवा. ठावठिकाणा न लागणं पुढच्या वेळी चांगल्या संपर्कपत्रकाने सुधारतं, नकार तसा सुधारत नाही. आणि यंदा न सापडलेल्या मुलाचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत पुन्हा असायलाच हवं. गावी गेलेली मुलं नववीला परत येतात.

जे सापडले नाहीत त्यांचं काय: एक हिशेब

आकडे समजावण्यापुरते घेतो. समजा पाचवीत ४०० मुलं होती, २४० स्वतःच्या घरात राहणारी आणि १६० भाड्याच्या. पन्नास गुणांच्या वाचनचाचणीत पहिल्या गटाची सरासरी ३०, दुसऱ्याची २५. सगळ्यांची मिळून २८.

आठवीत नेहमीच्या शोधाने स्वतःच्या घरातली २०४ आणि भाड्याच्या घरातली ८८ मुलं सापडली, एकूण २९२, म्हणजे ७३ टक्के. पहिल्यांची सरासरी ३६ झाली, दुसऱ्यांची २९. या २९२ मुलांची सरासरी काढली तर ३३.९ येते. नवखा माणूस २८ मधून ३३.९ वर आलो म्हणतो आणि ५.९ गुणांची वाढ जाहीर करतो.

हा आकडा फसवा आहे, कारण सुरुवातीच्या २८ मध्ये हरवलेली मुलंही मोजलेली आहेत आणि शेवटच्या ३३.९ मध्ये ती नाहीत. पहिली दुरुस्ती म्हणजे तीच मुलं दोन्ही टोकांना घ्यायची. पहिल्या गटातलं मूल ६ गुणांनी वाढलं, दुसऱ्यातलं ४ गुणांनी, आणि सापडलेल्या २९२ मुलांची सरासरी वाढ ५.४ येते.

दुसरी दुरुस्ती भाराची. भाड्याच्या घरातली मुलं पाचवीत १६० होती आणि सापडली ८८, म्हणून त्यातल्या प्रत्येकाला १६० भागिले ८८, म्हणजे साधारण १.८२ मुलांइतकं मोजायचं. स्वतःच्या घरातल्या प्रत्येकाला २४० भागिले २०४, म्हणजे १.१८. असं केलं की वाढ ५.२ वर येते. प्रत्यक्षात घराच्या प्रकाराबरोबर पाचवीचे गुण, हजेरी, शाळा, आईचं शिक्षण असं बरंच काही घेऊन सापडण्याची शक्यता मॉडेलने काढतात, पण तत्त्व हेच.

भाराची एक मर्यादा आहे. भाड्याच्या घरातली हरवलेली ७२ मुलं ही सापडलेल्या ८८ मुलांसारखीच आहेत, असं त्यात गृहीत धरलं जातं. घर मोडलं, वडील आजारी पडले, म्हणून जी हरवली ती तशी नसतील. हे हजेरीपटावर बसून कळत नाही आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने कळत नाही.

म्हणून मी दर वेळी आग्रहाने सुचवतो ती युक्ती अशी. हरवलेल्या १०८ जणांमागे सगळ्यांनी थोडं थोडं धावण्यापेक्षा त्यातली एक चतुर्थांश मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि उरलेला सगळा वेळ आणि पैसा त्यांच्यावर लावा. स्वतःच्या घरातली ३६ हरवली होती, त्यातली ९ घ्या, भाड्याच्या घरातल्या ७२ पैकी १८. निवड यादृच्छिकच हवी. सोप्या पत्त्याची मुलं उचललीत तर सगळं मुसळ केरात. एक्सेलमध्ये नावांशेजारी `=RAND()` लिहा, आलेले आकडे लगेच मूल्य म्हणून चिकटवून पक्के करा, मग त्यांच्या क्रमाने यादी लावा आणि वरची नावं घ्या. आकडे पक्के केले नाहीत तर शीट पुन्हा मोजली जाताना ते बदलतात आणि तुमची निवड कशी झाली हे नंतर दाखवता येत नाही.

आता या २७ मुलांसाठी गावापर्यंत जा, दोनदा जा, अनुभवी ताईंना पाठवा. समजा त्यातली २२ मिळाली, पहिल्या गटातली ८ आणि दुसऱ्यातली १४, आणि त्यांची वाढ अनुक्रमे ५ आणि २ गुण निघाली. ही मुलं आपापल्या गटातल्या सगळ्या हरवलेल्यांच्या जागी उभी आहेत. पहिल्या गटात २०४ मुलं ६ गुणांनी आणि ३६ मुलं ५ गुणांनी वाढली असं धरा, म्हणजे सरासरी ५.८५. दुसऱ्या गटात ८८ मुलं ४ गुणांनी आणि ७२ मुलं २ गुणांनी, म्हणजे ३.१. दोन्ही मिळून ४.७५.

५.९ पासून आपण ४.७५ पर्यंत आलो. भाड्याच्या घरातल्या मुलांची वाढ ४ वाटत होती, ती ३.१ निघाली, म्हणजे दोन गटांमधली दरी दिसत होती त्याहून रुंद आहे. ही दरी १०८ जणांपैकी प्रत्येकाच्या मागे दोन-दोन फोन करून कधीच दिसली नसती, कारण त्या फोनांना उत्तर देणारी मुलं पुन्हा सोपीच असतात.

या पद्धतीलाही किंमत आहे. निवडलेलं प्रत्येक मूल चार जणांच्या वाटणीचं मोजलं जातं, त्यामुळे आकड्याभोवतीची अनिश्चितता वाढते. २७ पैकी १०-१२ मुलंच मिळाली, तर ही युक्ती वापरल्याचा फायदाही फारसा राहत नाही. म्हणून तेवढीच मुलं निवडा जितक्यांच्या मागे तुम्ही खरोखर शेवटपर्यंत जाऊ शकता.

अहवालात काय द्यायचं

एक तक्ता पुरतो, पण तो पहिल्या पानांत हवा. सापडलेली आणि न सापडलेली मुलं पाचवीत कशी होती: चाचणीचे गुण, हजेरी, घराचा प्रकार, मुलगे-मुली. दोन्ही रकाने शेजारी शेजारी. एकूण गळती दहा टक्केच असली तरी ती सगळी एका वस्तीतून किंवा फक्त मुलींमधून झाली असेल, तर त्या वस्तीबद्दल किंवा मुलींबद्दल तुमच्या हाती फारसं काही उरलेलं नाही. उलट पंचवीस टक्के गळती दोन्ही बाजूंना सारखी असेल तर निष्कर्ष पुष्कळ टिकतात, नमुना लहान झाल्याने त्यांची नेमकेपणाची धार तेवढी बोथट होते.

अभ्यास एखाद्या कार्यक्रमाचा परिणाम मोजत असेल, जसं काही शाळांत वाचनवर्ग घेतले आणि काहींत नाही, तर दोन्ही बाजूंची गळती वेगवेगळी मोजा. वाचनवर्गाच्या शाळांत तुमची माणसं रोज जातात, तिथली मुलं ओळखीची असतात आणि आपोआप जास्त सापडतात. मग तुलना बिघडते. उपाय म्हणजे वर्ग न घेतलेल्या शाळांतही संपर्काचे फोन, निकालाच्या दिवसाचं टेबल आणि घरभेटी अगदी त्याच वेळापत्रकाने करणं, आणि शोध घेणाऱ्याला कुठलं मूल कुठल्या बाजूचं हे शक्य तोवर न सांगणं.

दहावीनंतरही अभ्यास चालवायचा असेल तर अकरावीचा ऑनलाइन प्रवेश ही दुसरी मोठी पांगापांग आहे. तेव्हा मुलांकडे स्वतःचे फोन आलेले असतात. दहावीच्या फेरीत मुलाचा स्वतःचा नंबर पालकांच्या देखत मागून घ्या, आणि अठरावा वाढदिवस कधी येतो ते पत्रकावर लाल शाईने लिहून ठेवा, कारण त्या दिवसापासून पालकांची संमती चालत नाही आणि पुढचा होकार त्या मुलाकडून किंवा मुलीकडूनच नव्याने घ्यावा लागतो.